बिलाच्या खिडकीवर काय विचारायचं?
(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "दवाखान्याचं बिल." ते म्हणाले, "काका, रौप्य महोत्सव आहे, जरा आनंदाचं काहीतरी बोला." पण गेल्या वर्षभरात आपल्या सोसायटीतल्या निदान पाच घरांतली माणसं दवाखान्यातून आली आणि प्रत्येक घरातून मला एकच वाक्य ऐकू आलं, "बिल पाहून डोळेच फिरले." पुढे काय केलं विचारलं तर उत्तर, "काय करणार, भरलं." म्हणून हाच विषय घेतला. मी वकील नाही, डॉक्टर नाही. बँकेत हिशेबाच्या टेबलावर आयुष्य गेलेला माणूस आहे. जे माझ्यासमोर घडलं तेच सांगतो.

दीड वर्षापूर्वीची, सोयाबीन घरात येण्याच्या दिवसांतली गोष्ट. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, शेतावर असतात. वय एकाहत्तर. चार दिवस ताप, मग खोकला, आणि सोमवारी दुपारी धाप लागायला लागली. परतूरला दाखवलं. डॉक्टरांनी बोटाला ते मशीन लावलं आणि म्हणाले, ऑक्सिजन कमी आहे, वेळ घालवू नका. पुतण्याने गाडी काढली आणि आम्ही संभाजीनगर गाठलं. दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या भावाला वाचवलं आहे, ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगून ठेवतो. न्यूमोनिया निघाला. रात्री साडेदहाला ॲडमिट केलं, अकराला आयसीयूत ऑक्सिजन लागला.

पैशाचं विचारलं तेव्हा काउंटरवर सांगितलं, पाच-सहा दिवस लागतील, साठ-पासष्ट हजार धरून चाला. पुतण्याने ४०,००० डिपॉझिट भरलं. उरलेले पंचवीस हजार त्याने सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढून ठेवले. म्हणजे पोराचा हिशेब चोख होता.

इथे एक गोष्ट चटकन सांगतो, कारण नंतर कुणीतरी विचारणारच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते योजनेत असलेल्या दवाखान्यात आणि योजनेतल्या आजारांना. अशा दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, त्याला ॲडमिट होतानाच गाठायचं. योजनेचा फोन १५५३८८. आम्ही रात्री घाबरून जो दवाखाना समोर आला त्यात शिरलो, तो योजनेत नव्हता. ती आमची पहिली चूक. तिचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

असो. बुधवारी दुपारी चारला दादांना आयसीयूतून वॉर्डात हलवलं. संध्याकाळी सातला सिस्टरने नाकातली नळी काढली आणि दादा चार दिवसांनी पहिल्यांदा चहा प्याले. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन बंद, आता गोळ्या, उद्या घरी जा. शनिवारी अकरा वाजता फाईल खाली गेली आणि साडेबाराला बिल आलं. एका पानाचं, नऊ ओळींचं. एकूण ८६,८००. डिपॉझिट वजा जाता भरायचे ४६,८००.

पुतण्याच्या खिशात पंचवीस. त्याचा चेहरा उतरला. तो बाजूला जाऊन फोनवर कुणाला तरी पैसे मागायला लागला. वहिनी म्हणाल्या, "माझ्या पाटल्या आहेत की." दादा पलंगावर बसून म्हणाले, "जाऊ दे रे, माणूस वाचला, आता कशाला किटकिट." आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं. ज्याने जीव वाचवला त्याला पैशाचं विचारायचं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. पण डॉक्टर वेगळे आणि बिल करणारं टेबल वेगळं. डॉक्टरांनी ते बिल बहुधा पाहिलेलंही नसतं. बिल कॉम्प्युटरमधून निघतं आणि त्या कॉम्प्युटरमध्ये दहा हातांनी नोंदी टाकलेल्या असतात. दहा हातांच्या नोंदीत चूक राहते, हे मला बँकेत पस्तीस वर्षं शिकवायची कुणाला गरज पडली नाही.

तेवढ्यात पुतण्या फोन ठेवून तरातरा काउंटरवर गेला आणि आवाज चढवून म्हणाला, "साठ सांगितले आणि शहाऐंशी हजार कसे झाले? लूट लावली का?" आतला मुलगा, असेल चोवीस-पंचवीसचा, त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, सिस्टीमने काढलंय. जे लागलं ते लागलं." संपलं. दोघांचंही बोलणं तिथेच अडकलं.

आता हे नीट लक्षात घ्या. "इतकं कसं झालं" याला त्या मुलाकडे उत्तरच नव्हतं. त्याला वॉर्डात काय घडलं माहीत नसतं, त्याने पेशंट पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर फक्त नोंदी असतात. त्याला असा प्रश्न पाहिजे जो तो स्क्रीनवर शोधू शकेल, किंवा फोन उचलून वॉर्डातल्या सिस्टरला जसाच्या तसा वाचून दाखवू शकेल. आपल्याच वार्षिक सभेत बघा ना. "मेंटेनन्स एवढा का वाढला" म्हणून कुणी ओरडलं की सचिव म्हणतात, महागाई. पण मागच्या वर्षी आपल्या एका सभासदांनी विचारलं होतं, "जूनमध्ये मोटार दुरुस्तीचे पैसे दोनदा टाकलेत, मोटार एक आहे की दोन?" तेव्हा सचिवांना पावत्यांची फाईलच उघडावी लागली. (सचिव हसतायत, त्यांना आठवलं.)

मी पुतण्याला मागे घेतलं आणि त्या मुलाला म्हटलं, "बाळा, भांडायचं नाही. आम्हाला तपशीलवार बिल काढून दे. तारीखवार, नग, दर, सगळं." तो म्हणाला, हेच बिल असतं. मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे रुग्ण हक्क सनद लावलेली होती. महाराष्ट्रात १४ जानेवारी २०२१ ला शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून खासगी दवाखान्याने ही सनद आणि ठरावीक पंधरा सेवांचे दर लोकांना दिसतील असे लावायचे आहेत. बेडचा दर, आयसीयूचा, डॉक्टरांच्या व्हिजिटचा, ऑक्सिजनचा, मॉनिटरचा, असे. तपशीलवार बिल मागणं हा त्याच हक्कांतला भाग आहे. कायद्याची धमकी मी दिली नाही, नुसतं बोट दाखवलं. पाच मिनिटांत प्रिंटरमधून सहा पानं आली. त्या सहा पानांत नऊ ओळींच्या जवळजवळ दीडशे ओळी झाल्या होत्या.

मग मी, वहिनी आणि पुतण्या असे तिघं बाकावर बसलो. वहिनींकडे एक जुनी वही होती. दुधाचा हिशेब लिहायची वही, त्यातच मागच्या पानांवर त्यांनी रोज काय झालं ते लिहिलं होतं. "बुधवार, दुपारी वर आणलं. सात वाजता नळी काढली. चहा." इतकंच. शिकलेल्या आम्हा दोघांना हे सुचलं नव्हतं, चौथी शिकलेल्या वहिनींना सुचलं.

आधी मी फक्त दिवस मोजले. सोमवार ते शनिवार म्हणजे तारखा सहा. बिलात आयसीयूचे दिवस तीन आणि वॉर्डचे चार. तीन आणि चार सात. सहा तारखांमध्ये माणूस सात दिवस कसा राहिला? वॉर्डाचा दर रोज २,००० होता. नऊ ओळींच्या बिलात हे दिसलं नसतं, कारण तिथे आयसीयू १५,००० आणि वॉर्ड ८,००० एवढेच दोन आकडे होते. बेरीज अगदी बरोबर होती. चूक बेरजेत नव्हतीच.

दुसरी ओळ ऑक्सिजनची. छोट्या बिलात "ऑक्सिजन १२,९६०". सहा पानांच्या बिलात "ऑक्सिजन, १०८ तास, दर १२०". आता १०८ तास म्हणजे साडेचार दिवस. सोमवारी रात्री अकरापासून मोजत गेलो तर बरोबर शनिवारी सकाळी अकराला १०८ तास भरतात. आणि शनिवारी अकराला काय झालं? फाईल खाली गेली. दादांच्या नाकातली नळी निघाली बुधवारी सातला, पण बिलात ऑक्सिजन डिस्चार्जपर्यंत चालू होता.

पुतण्या लगेच उठला, "बघा, चोर आहेत!" मी त्याचा हात धरून खाली बसवलं. आपल्याला नळी काढलेली आठवते, हे खरं. पण आपली आठवण हा पुरावा नाही आणि वहिनींची वहीसुद्धा दवाखान्याला बांधील नाही. पुरावा त्यांच्याच कागदात असतो. वॉर्डात पलंगापाशी जो तक्ता असतो, त्यात सिस्टर ठरावीक वेळाने ताप, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनची पातळी लिहितात. पेशंट नळीवर असेल तर किती लिटरवर आहे ते लिहितात आणि नळी काढली असेल तर "रूम एअर" लिहितात, म्हणजे साध्या हवेवर. शिवाय आमच्या हातात डिस्चार्ज कार्ड होतं. त्यात डॉक्टरांनी लिहिलेलंच होतं की पहिले दोन दिवस ऑक्सिजन द्यावा लागला. दोन दिवस म्हणजे ४८ तास. बिलात १०८. दवाखान्याचा एक कागद दवाखान्याच्याच दुसऱ्या कागदाशी जुळत नव्हता.

मी एका कोऱ्या कागदावर प्रश्न लिहिले. वर पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, बिल नंबर. खाली प्रश्न. ऑक्सिजनचा प्रश्न मी असा लिहिला होता, शब्द बघा: "पान ३ वर ऑक्सिजन १०८ तास लावला आहे. हे तास कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंतचे? बंद केल्याची नोंद कोणत्या वेळेची आहे? वॉर्डाच्या तक्त्यात पेशंट रूम एअरवर कधीपासून आहे?" यात आमचा दावा कुठेच नाही. "तुम्ही जास्त लावलं" असं मी लिहिलं नाही. समोरच्याला आरोप ऐकला की तो बचाव करायला लागतो आणि मग कागद बघायचं राहून जातं. दिवसांचा प्रश्न असा: "आयसीयूचे तीन दिवस कोणत्या तारखांचे आणि वॉर्डचे चार दिवस कोणत्या तारखांचे?" बस. उत्तर देताना समोरच्यालाच कळतं.

असे पाच प्रश्न झाले. तिसरा होता रक्ताच्या तपासणीचा. एबीजी नावाची तपासणी, ९०० रुपये, बिलात तीनदा. तारीख एकच, मंगळवार. मला वाटलं, एकच तपासणी तीनदा चढली. चौथा होता सोमवारच्या आयसीयूचा. रात्री साडेदहाला गेलो, दीड तासात तारीख बदलली आणि पूर्ण दिवसाचे ५,००० लावले, ते कसे? पाचवा "सर्व्हिस चार्ज ३,५००", हा कशाचा? डॉक्टरांच्या व्हिजिट, एक्स-रे, वाफेचे चार्ज, हे मी पाहिले, ठीक होते, त्यावर प्रश्न नाही. दीडशे ओळींवर दीडशे प्रश्न विचारले तर कुणीच उत्तर देत नाही.

कागद घेऊन गेलो तेव्हा दीड वाजला होता. त्या मुलाने वाचला आणि त्याचा सूरच बदलला. वॉर्डात फोन लावून त्याने माझं वाक्य जवळजवळ तसंच वाचलं: पेशंट अमुक, रूम एअरवर कधीपासून? पलीकडून सिस्टरने फाईल पाहून सांगितलं, बुधवार, सायंकाळी सात, पातळी ९५. मुलाने आमच्यासमोरच स्क्रीनवर पाहिलं. ऑक्सिजन चालू केल्याची नोंद आयसीयूतून झाली होती. पेशंट वॉर्डात आला, वॉर्डाच्या सिस्टरने नळी काढून कागदी तक्त्यावर वेळ लिहिली, पण कॉम्प्युटरमध्ये ती नोंद बंद करायची राहून गेली. मीटर आपलं चालूच. डिस्चार्ज टाकला तेव्हाच ते थांबलं. सोमवार रात्री अकरा ते बुधवार संध्याकाळी सात म्हणजे ४४ तास, ५,२८० रुपये. ६४ तासांचे ७,६८० कमी झाले. चोरी नव्हती. पण आम्ही विचारलं नसतं तर ते ७,६८० परत करायला आमच्या मागे कुणी धावत आलं नसतं, हेही तितकंच खरं.

दिवसांच्या प्रश्नावर तो मुलगा बोटांवर मोजायला लागला आणि स्वतःच थांबला. बुधवार दोन्हीकडे धरला गेला होता. त्यांच्याकडे पद्धत अशी की ज्या दिवशी पेशंट हलवला त्या दिवशी जास्त दराचा बेड धरायचा, दुसरा नाही. म्हणून वॉर्डाचे २,००० गेले.

आता जिथे मी तोंडावर पडलो तेही सांगतो. एबीजीचे तीन रिपोर्ट त्याने काढून दाखवले. पहाटे दोन, सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा. तिन्हींत आकडे वेगळे. दादांचा श्वास सुधारतोय की नाही हे पाहायला ती तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, हे नंतर डॉक्टरांनीच समजावलं. सारखं नाव सारख्या तारखेला दोन-तीनदा दिसलं की ते चुकूनच चढलं असं नसतं. रिपोर्टवरची वेळ पाहायची. वेळा तीन असतील तर तपासण्या तीन. रिपोर्ट एकच निघाला तर मग प्रश्न खरा. मी त्या मुलाला म्हटलं, "माझी चूक." आणि गंमत म्हणजे, त्यानंतर तो आमच्याशी जास्तच मोकळा झाला.

सोमवारच्या दीड तासाचेही आम्ही हरलो. त्याने ॲडमिशनचा फॉर्म काढला. त्यात बारीक अक्षरांत छापलेलं होतं की दिवस रात्री बारा ते रात्री बारा धरला जाईल. खाली सही आमच्या पुतण्याची. प्रत्येक दवाखान्याचं हे वेगळं असतं. कुठे दुपारी बारा ते बारा, कुठे चोवीस तास. ते सही करतानाच विचारायचं असतं, पण रात्री साडेदहाला बाप धापा टाकत असताना कोण वाचतो? म्हणून मी पुतण्याला काही बोललो नाही. एक मात्र त्यावरून लक्षात आलं. जिथे दुपारी बाराला दिवस बदलतो तिथे बिल सकाळीच मागून ठेवावं, नाहीतर प्रश्न विचारता विचारता पुढचा दिवस लागतो. आणि लागलाच, तर बिलाची फाईल किती वाजता खाली आली त्याची वेळ विचारायची. त्यांच्याकडून उशीर झाला असेल तर तो दिवस आपला नव्हे.

राहिला सर्व्हिस चार्ज. इथे उत्तर मिळालं नाही. मुलगा म्हणाला, सगळ्यांनाच लागतो. मी विचारलं, कोणती सेवा, किती दिवस, काय दराने? नर्सिंग तर बेडच्या दरात आहे असं तुमच्याच फलकावर लिहिलंय. फलकावर सर्व्हिस चार्ज नावाचा दर नाही. त्याने मॅनेजरांना बोलावलं. मॅनेजर सभ्य माणूस, पण म्हणाले, "ही हॉस्पिटलची पॉलिसी आहे." अर्धा तास गेला. ते कमी करेनात, फोडही करून देईनात.

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दादा थकले होते, परतीचा तीन तासांचा रस्ता होता. मी ठरवलं, इथे थांबायचं. बिलाच्या आमच्या प्रतीवर आणि त्यांच्या प्रतीवर लिहिलं, "सर्व्हिस चार्ज ३,५०० चा तपशील मागितला, मिळाला नाही. हरकत राखून रक्कम भरत आहे." तारीख, वेळ, सही. प्रश्नांच्या कागदाची एक प्रत देऊन दुसरीवर पोचीचा शिक्का घेतला. शिक्का द्यायला मॅनेजर थोडे कुरकुरले, पण दिला. बिल ७७,१२० वर आलं, भरायचे राहिले ३७,१२०. पंचवीस पुतण्याचे, बाकी बारा हजार मी घातले. पाटल्या हातातच राहिल्या.

पैसे न भरता पेशंटला तिथेच ठेवून वाद चालवावा, असं मी कुणाला सांगणार नाही. बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही हे खरं आहे, पण आजारी माणसाला त्या ओढाताणीत कोण बसवणार? हरकत लिहून भरलेले पैसे नंतरही मागता येतात. आधी दवाखान्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी. तिथे नाही झालं तर नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे. शहरात महानगरपालिकेचा आरोग्य विभाग, बाकी ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. त्यापुढे ग्राहक आयोग. तुम्ही विचाराल, तुम्ही केली का तक्रार? नाही केली. अर्ज लिहून तयार आहे, फाईलमध्ये आहे. दादा म्हणाले, त्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासायला जायचंय, नको. मी त्यांचं ऐकलं. बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ही माझ्याच वेंधळेपणाची. घरी आल्यावर चार दिवसांनी माझा सदरा धुवायला टाकताना सौभाग्यवतींना खिशात एक चिठ्ठी सापडली. दवाखान्यातल्या औषध दुकानाची. शुक्रवारी इंजेक्शन बंद झाली तेव्हा सिस्टरने उरलेली सहा इंजेक्शनं परत करायला मला खाली पाठवलं होतं. दुकानदाराने परतीची चिठ्ठी दिली, सहा नग, ३१० प्रमाणे १,८६० रुपये, आणि म्हणाला, फायनल बिलात वजा होतील. मी ती खिशात घातली आणि विसरलो. दीडशे ओळी तपासणारा मी, पण औषधाची २१,३४० ची ओळ मी फक्त बिलं जोडली आहेत का एवढंच पाहून सोडली होती. परतीचे पैसे वजा झालेलेच नव्हते. औषधांच्या ओळीला प्रश्न तीन असतात. वॉर्डात किती पाठवलं, प्रत्यक्ष किती दिलं, परत किती आलं? आम्ही तिसरा विचारलाच नाही.

फोन केला. त्याच मुलाने उचलला आणि आवाजावरून ओळखलं. म्हणाला, "काका, चिठ्ठीचा नंबर सांगा." मी नंबर, तारीख, वेळ, नग सांगितले. पुढच्या तपासणीला पुतण्या दादांना घेऊन गेला तेव्हा १,८६० रुपये रोख मिळाले. तिथून त्याने मला फोन केला, "काका, मिळाले. भांडावं नाही लागलं."

ज्या कागदावर मी प्रश्न लिहिले होते त्याची झेरॉक्स सचिवांकडे ठेवली आहे, नाव-गाव खोडून. कुणाच्या घरी प्रसंग आला तर न्या. आणि वहिनींची ती वही दाखवायला आणणार होतो, पण त्या म्हणाल्या, "त्यात दुधाचा हिशेब चालू आहे, वही मिळायची नाही." सचिव घड्याळ दाखवतायत, चहा निवतोय म्हणे. कुणाला बिल घेऊन यायचं असेल तर रोज संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. येताना डिस्चार्ज कार्ड आणा, नुसतं बिल नको.